२०० Mbps चा प्लॅन, डाउनलोड मात्र ११.२ MB/s : हिशोब कुठे अडकतोय?

घोडबंदरकर
मंडळी, कासारवडवलीला राहतो. दोन महिन्यांपूर्वी सोसायटीत फायबर आलं, २०० Mbps चा प्लॅन घेतला. परवा भाचीच्या लग्नाचं न कापलेलं शूटिंग व्हिडिओवाल्याने ड्राइव्हवर टाकलं. एकच फाईल, ४८ जीबीची. मी मनात गणित केलं, २०० एमबी सेकंदाला म्हणजे चारेक मिनिटांत काम होईल, चहा होईपर्यंत बघायला बसू. प्रत्यक्षात क्रोममध्ये आकडा दिसतोय `11.2 MB/s` आणि खाली लिहिलंय, एक तास बाकी. बहीण-भावोजी सोफ्यावर बसून माझ्याकडे बघतायत.

कस्टमर केअरला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, Mbps ला ८ ने भागायचं असतं, म्हणून कमी दिसतं." भागलं. २५ येतात. ११ कुठे आणि २५ कुठे? पुन्हा फोन केला तर म्हणे "वायफायमुळे होतं सर". माझा पीसी वायफायवर नाहीच, वायरवर आहे! फोनवर वायफायने स्पीड टेस्ट केली तर १९२ येतात. वायर वायफायपेक्षा हळू चालते हे कुणी ऐकलंय का? की कंपनीच गंडवतेय?

खारघर_नवीन
मी पण नवीन कनेक्शन बघतोय. सेक्टर १२ मध्ये कुठल्या कंपनीचं चांगलं चालतं? कुणी सांगेल का?

आप्पा_वाशी
घोडबंदरकर, ८ ने नाही, १० ने भागायचं. मी टेलिफोनमध्ये नोकरी केली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरगुती डायल-अपला ९.६ केबीपीएस मिळायचे. सेकंदाला ९६० अक्षरं. का? तर प्रत्येक बाइटच्या मागेपुढे एक स्टार्ट बिट आणि एक स्टॉप बिट असतो. आठ अधिक दोन, दहा. तुमचे २०० भागिले १० म्हणजे २० MB/s यायला हवेत. त्यापेक्षा कमी येत असेल तर कंपनीला धरा.

(गंमत म्हणून काढून पाहिलं. तुमची ४८ जीबीची फाईल त्या कनेक्शनवर उतरवायला ६२१ दिवस लागले असते. तोवर भाचीच्या बाळाचं बारसंही झालं असतं.)

महापे_नाइटशिफ्ट
दादा, कंपनीला फोन करू नका, निदान आज तरी नको. हा ११.२ आकडा आमच्या कामात इतक्या वेळा दिसतो की तो ऐकल्यावर मी दुसरं काही विचारतच नाही. तुमचा पीसी आणि फायबरचा डबा यांच्यामधला दुवा २०० वर चालतच नाहीये, तो १०० वर चालतोय. कंपनीकडून २०० येतायत, ते तुमच्या फोनने दाखवलंच. घराच्या आत, शेवटच्या काही मीटरमध्ये पाणी अडतंय.

आकड्यावरून कसं कळलं ते सांगते. १०० Mbps म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट. आठने भागा, सव्वा कोटी बाइट. इथपर्यंत कस्टमर केअरचा मुलगा बरोबर. पण नेटवर्कवाल्यांचा मेगा म्हणजे नेमके दहा लाख, आणि विंडोज एक एमबी मोजतं १०,४८,५७६ बाइटचा. त्याने भागलं की १२.५ चे ११.९ होतात. त्यातून पत्त्यांचा खर्च वजा करा. डेटा पाकिटांत भरून येतो, एका पाकिटात साधारण १४६० बाइट तुमचा माल असतो, आणि पत्ते, क्रमांक, तपासणीचे आकडे, दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर १५३८ बाइटइतकी जागा जाते. म्हणजे शंभरातले ९५ तुमचे, पाच टपालखर्चाचे. ११.९ चे ११.३ झाले. त्यात आणखी थोडी घट झाली की ११.२.

म्हणून उलटा हिशोब करायचा असेल तर विंडोजवर दिसणाऱ्या MB/s ला ८.४ ने गुणा. ११.२ गुणिले ८.४ म्हणजे ९४. वायरवरून स्पीड टेस्ट केलीत तर मी पैजेवर सांगते, ९३-९४ च्या आसपास येईल. करून बघा.

आणि हे चालवून काय येतं ते इथे टाका. पॉवरशेल उघडून:

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

आप्पा_वाशी
ताई, पण माझा १० चा नियम चुकीचा आहे असं म्हणायचंय का? आम्ही तो वर्षानुवर्षं वापरला.

महापे_नाइटशिफ्ट
आप्पा, वेळेचा अंदाज काढायला तुमचा नियम झकास आहे, मी स्वतः वापरते. २०० चे २० धरले की ४८ जीबीला ४१ मिनिटं येतात, आणि वायर नीट असेल तर प्रत्यक्षात ३७ च्या आसपास लागतात. चार मिनिटं आधी संपलं तर कुणी भांडत नाही. फक्त त्याचं कारण आता ते राहिलं नाही. स्टार्ट-स्टॉप बिट मोडेम आणि संगणकामधल्या सिरियल तारेवर असायचे, फायबरच्या या जोडणीत तसं काही नसतं. आता साधारण दहावा भाग १०२४ च्या हिशोबात आणि पाकिटांच्या खर्चात जातो. स्टार्ट-स्टॉप बिटांत पाचवा भाग जायचा, म्हणून तुमच्या नियमाने वेग थोडा कमीच येतो.

पण बिघाड शोधायला १० वापरू नका. तुमच्या नियमाने ११.२ म्हणजे ११२ Mbps होतात. मग माणूस म्हणतो, "शंभरच्या वर येतंय, म्हणजे दुवा शंभरचा नसणार", आणि चुकीच्या जागी शोधत बसतो.

आप्पा_वाशी
हे पटलं. तरी २० चं मी सोडणार नाही.

घोडबंदरकर
ताई, पैज जिंकलात. वायरवरून स्पीड टेस्ट ९३.८. आणि ती कमांड चालवली तर हे आलं:

```
Name      LinkSpeed
----      ---------
Ethernet  100 Mbps
```

पण पीसी तर गेल्या वर्षीचा आहे, दुकानदाराने गिगाबिट पोर्ट आहे म्हणून छातीठोक सांगितलं होतं. मग हा १०० कुठून आला?

महापे_नाइटशिफ्ट
पोर्ट गिगाबिटच असेल. दोन टोकं आपसात बोलून वेग ठरवतात, आणि दोघांना जमेल तेवढ्यावरच तडजोड होते. तीन ठिकाणं तपासा, याच क्रमाने. एक, फायबरच्या डब्याच्या मागे वायर कुठल्या भोकात आहे? बऱ्याच डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे शंभरचेच. डब्याच्या खालच्या लेबलवर `GE` आणि `FE` असं लिहिलेलं असतं, ते वाचा. GE मध्ये लावा. दोन, मध्ये एखादा जुना स्विच किंवा राउटर आहे का? तीन, वायर. शंभरला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी तार तुटली की दुवा मुकाट्याने शंभरवर येतो. कुठे लाल दिवा लागत नाही, काही तुटल्याचा मेसेज येत नाही, नेट व्यवस्थित चालतं. म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

ट्रान्सहार्बर_८वाजून१२
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. ठाणे ते वाशी लोकलमध्ये रोज मोबाइलवर चालू असतं माझं. परवा रबाळ्याजवळ ५जीवर स्पीड टेस्ट केली, ३०० आले. माझा प्लॅन दिवसाला २ जीबीचा. आता वर जे वाचलं त्याने ३०० चे साधारण ३५ MB/s होतात, बरोबर? म्हणजे माझा अख्ख्या दिवसाचा डेटा एका मिनिटात संपेल?? आणि मी ३०० कशाला मोजतोय मग?

महापे_नाइटशिफ्ट
हिशोब बरोबर आहे. पूर्ण वेगाने ओढलंत तर मिनिटभरात २ जीबी जातात. वेग बिटमध्ये विकतात आणि कोटा बाइटमध्ये, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी बघत नाही. फक्त व्हिडिओ बघताना फोन ३०० ने ओढत नसतो, लागेल तेवढंच घेतो, म्हणून कोटा दिवसभर पुरतो. एक लक्षात ठेवा, स्पीड टेस्ट मात्र पूर्ण वेगानेच ओढते. ३०० वर दहा-पंधरा सेकंदांची एक टेस्ट म्हणजे चारशे-पाचशे एमबी गेले. रोज दोन वेळा करत असाल तर निम्मा डेटा मोजण्यातच संपला.

ट्रान्सहार्बर_८वाजून१२
अरे देवा. तरीच संध्याकाळी घणसोलीच्या पुढे माझं नेट बंद पडतं. मी रोज ठाण्यापासून प्रत्येक स्टेशनला टेस्ट करत यायचो, कुठे किती येतं ते बघायला 😅

मॅकवाली_सानपाडा
वर १०२४ चा मुद्दा आला म्हणून सांगते. माझ्याकडे मॅक आहे आणि ऑफिसातल्या बाकीच्यांकडे विंडोज. तीच फाईल माझ्याकडे ५१.५ जीबी दिसते आणि त्यांच्याकडे ४८. क्लायंटने एकदा "तुम्ही फाईल मोठी करून पाठवली" म्हणून वाद घातला होता. ॲपलने २००९ पासून, म्हणजे स्नो लेपर्डपासून, १००० ने मोजायला सुरुवात केली. बाइट तेवढेच असतात. घोडबंदरकर, तुमच्या भाचीने मॅकवर तेच शूटिंग उघडलं आणि आकार जास्त दिसला तर घाबरू नका.

मला विचारायचं होतं, वेळ काढताना यातलं कुठलं धरायचं?

महापे_नाइटशिफ्ट
दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे असले की झालं. मॅकची जीबी आणि मॅकचा MB/s, किंवा विंडोजची जीबी आणि विंडोजचा MB/s. एकाची जीबी घेऊन दुसऱ्याच्या वेगाने भागलं तर पाचसात टक्क्यांची चूक येते. तासाभराच्या डाउनलोडमध्ये तीन-चार मिनिटं. त्यासाठी डोकं शिणवू नका.

घोडबंदरकरांच्या फाईलचा विंडोजवरचा हिशोब असा : ४८ गुणिले १०२४ म्हणजे ४९,१५२ एमबी. ११.२ ने भागलं की ४,३८९ सेकंद, साधारण ७३ मिनिटं. क्रोमने "एक तास" दाखवला कारण तो मिनिटं सोडून तासांत बोलत होता. दुवा गिगाबिटचा झाला की अडथळा तुमच्या २०० च्या प्लॅनचाच उरेल, तेव्हा २२-२२.५ MB/s दिसायला हवेत आणि तीच फाईल ३७ मिनिटांत यायला हवी. २५ दिसणार नाहीत, ती आशा सोडा.

कळवा_वायरमन
नमस्कार, मी ठाण्यात वायरिंगची कामं करतो. ताईंनी सांगितलेल्यातलं तिसरं कारण मला जास्त शक्य वाटतं. नव्या टॉवरमध्ये बिल्डरचा माणूस भिंतीतून प्रत्येक खोलीत एकच नेटवर्कची वायर नेतो. मग घरमालक म्हणतो, हॉलमध्ये पीसीही हवा आणि बेडरूममध्ये टीव्हीलाही नेट हवं. दुसरी वायर ओढायला पाइपात जागा नसते. तेव्हा कामगार त्याच वायरचे दोन भाग करतो. नारिंगी आणि हिरवी जोडी एका सॉकेटला, निळी आणि तपकिरी जोडी दुसऱ्याला. दोन्हीकडे नेट चालतं, मालक खूश. पण दोन्हीकडे शंभरच्या वर कधीच जाणार नाही. पूर्वी प्लॅनच ४०-५० चे असायचे, तेव्हा कुणाला फरक पडत नव्हता.

भिंतीवरच्या सॉकेटची पट्टी स्क्रू काढून उघडा. मागे आठ तारा बसवलेल्या दिसल्या पाहिजेत. चारच असतील तर तेच.

घोडबंदरकर
उघडलं. आधी डबा बघितला, वायर GE मध्येच होती. मध्ये स्विच नाही. मग सॉकेट उघडलं तर मागे चारच तारा! नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी-तपकिरी मागे वळवून बेडरूमच्या टीव्हीकडे गेलीये. कळव्याच्या दादांनी न बघता सांगितलं.

कळवा_वायरमन
मग भिंतीला हात लावण्याआधी खात्री करून घ्या. बाजारातून तयार आठ तारांची वायर आणा, जमिनीवरून डब्यापासून पीसीपर्यंत सरळ टाका, आणि तीच कमांड पुन्हा चालवा. `1 Gbps` आलं की निदान पक्कं.

घोडबंदरकर
ठाणे स्टेशनजवळून १५ मीटरची वायर आणली, हॉलमधून आडवी टाकली. लिंक `1 Gbps`. डाउनलोड `22.3 MB/s`. ताईंनी सांगितलेल्या पट्ट्यात अगदी. शूटिंगचा दुसरा भाग, संगीताचा, ३० जीबीचा होता, तो २३ मिनिटांत उतरला.

आता दोन गोष्टी. एक, बायको म्हणते ती वायर हॉलमधून आजच्या आज उचला. भिंतीतल्या आठही तारा पीसीला दिल्या तर बेडरूमचा टीव्ही जातो. काय करावं?

दोन, रात्री नऊनंतर हेच डाउनलोड १४ MB/s वर येतं आणि कमीजास्त होत राहतं. त्याच वेळी वायरवरून स्पीड टेस्ट केली तर १९५. लिंक १ Gbps च आहे, वायर नवीन. आता हे काय नवीन?

कळवा_वायरमन
पहिल्याचं उत्तर : भिंतीतल्या आठही तारा हॉलच्या सॉकेटला द्या आणि सॉकेटच्या पुढे छोटा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच ठेवा. टीव्हीला वायफाय द्या. टीव्हीचा वायरचा पोर्ट बहुतेक वेळा शंभरचाच असतो आणि ४के सिनेमाला तेवढाही लागत नाही. टीव्हीमागे वायफाय पोचत नसेल तर मात्र दुसरी वायर ओढण्याला पर्याय नाही, आणि ते काम पाइपात किती जागा आहे यावर.

आप्पा_वाशी
दुसऱ्याचं मी सांगतो. रात्री सगळी इमारत सिनेमे बघत असते. कंपनीने एका फायबरवर किती घरं जोडलीत ते विचारा. आमच्या वेळी एक्सचेंजमध्येही हेच व्हायचं, संध्याकाळी सगळे एकदम फोन उचलायचे.

महापे_नाइटशिफ्ट
आप्पा, इमारतीचं फायबर भरलं असतं तर स्पीड टेस्टही पडली असती. १९५ येतायत, म्हणजे डब्यापासून कंपनीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. मला वाटतं अडचण पुढे आहे. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, ब्राउझर एका फाईलला सहसा एकच उघडतो. वाटेत थोडी जरी पाकिटं गळाली तर एकटी जोडणी लगेच माघार घेते, दहा जोडण्यांचा बोजा मात्र एकमेकींना सांभाळून घेतो. रात्री नऊला दोन वेगळ्या फाईली एकाच वेळी लावून बघा. दोघींची बेरीज २२ झाली तर एका जोडणीची मर्यादा. बेरीजही १४ च राहिली तर त्या सर्व्हरकडे जाणारा रस्ताच अरुंद.

मॅकवाली_सानपाडा
पण स्पीड टेस्टचा सर्व्हर तर मुंबईतलाच असतो ना, कधीकधी त्याच कंपनीचा? मग कंपनीच्या बाहेर पडणारा रस्ता भरला असेल तर ते टेस्टमध्ये दिसणारच नाही. तेव्हा आप्पा म्हणतात तसं खापर कंपनीवर असूही शकतं, फक्त इमारतीत नव्हे.

महापे_नाइटशिफ्ट
हो, ती शक्यता मी नाकारत नाही. म्हणूनच टेस्ट करताना सर्व्हर बदलून दिल्ली किंवा सिंगापूरचा निवडून बघा. तोही १९० च्या जवळ आला तर कंपनीवर आळ नको.

घोडबंदरकर
आज रात्री दोन्ही करतो. दोन फाईली म्हणजे हळद आणि रिसेप्शन, दोन्ही बाकीच आहेत. आकडे उद्या टाकतो.

खारघर_नवीन
अजून कुणी सांगितलं नाही, सेक्टर १२ मध्ये कुठलं घेऊ?

महापे_नाइटशिफ्ट
कुठलंही घ्या, पण जोडायला माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोर सॉकेटच्या मागच्या तारा मोजा.

कळवा_वायरमन
आणि पैसे त्यानंतर द्या.